चित्रावरील जलचिन्ह : काढावे केव्हा आणि कसे

गतवर्षीच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात रायगडाच्या महादरवाजाचा एक सुबक तक्ता मांडलेला होता. तो मी स्वतः वाखाणला आणि जिल्ह्याच्या पुस्तिकेत छापण्यासाठी मागून घेतला. छपाईच्या वेळी छायाचित्रकाराचे नाव विचारले, तेव्हा तक्ता करणाऱ्या गुरुजींनी प्रांजळपणे सांगितले, की कोपऱ्यात काहीतरी नाव होते. चित्र विद्रूप दिसते म्हणून ते पुसून टाकले. मूळ प्रत त्यांनी ठेवली नव्हती. चित्र कोणाचे व कोणत्या अटींवर दिलेले, हे सांगणारा एकमेव पुरावा पुसला गेला होता. तक्ता पुस्तिकेतून वगळावा लागला. मीही तो पाहताना हा प्रश्न विचारला नव्हता, म्हणून या चुकीत माझाही वाटा आहे.

चित्रावर उमटविलेल्या नावास किंवा खुणेस आपण जलचिन्ह अथवा वॉटरमार्क म्हणतो. ते पुसण्यापूर्वी वाचावे, हा पहिला नियम होय. खुणेत कर्त्याचे नाव, हक्काची नोंद किंवा वापराच्या अटी असतील, तर कायद्याच्या दृष्टीने ती हक्कविषयक माहिती ठरते. भारताच्या कॉपीराइट अधिनियम, 1957 मध्ये 2012 साली झालेल्या दुरुस्तीने कलम 65ब घालण्यात आले. अशी माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढणे किंवा बदलणे, हा त्याअन्वये दोन वर्षांपर्यंतच्या कारावासास व दंडास पात्र असा गुन्हा आहे. अध्यापनाच्या ओघात शिक्षकास कृतीची प्रत करण्याची मुभा कायदा देतो; परंतु प्रत करण्याची मुभा म्हणजे नाव पुसण्याची मुभा नव्हे.

मग अधिकार मिळतो कोठून? परवान्यातून. विकिमीडिया कॉमन्स या संग्रहातील प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना लिहिलेला असतो. त्यातील अक्षरे नीट वाचावीत. CC BY 4.0 या परवान्यात चित्रात बदल करता येतो. मात्र कर्त्याचे नाव, हक्काची नोंद व परवाना यांचा उल्लेख कायम ठेवावा लागतो आणि बदल केल्याचे सांगावे लागते. हा उल्लेख चित्रावरच असावा असे बंधन नाही. माध्यमास साजेल अशा वाजवी रीतीने, उदाहरणार्थ चित्राखालच्या ओळीत, तो करता येतो. म्हणून येथे नाव पुसावयाचे नसून त्याची जागा बदलावयाची असते. CC BY-SA 4.0 मध्ये आणखी एक अट आहे : बदललेले चित्र इतरांस देताना त्याच परवान्याखाली द्यावे लागते. CC BY-ND 4.0 असेल, तर बदललेली प्रत इतरांस देता येत नाही. तेथे जलचिन्हासह चित्र आहे तसेच वापरावे. विक्रीच्या चित्रसंग्रहातील नमुन्यावर संस्थेचे नाव आडवे छापलेले असते. परवाना अद्याप घेतलेला नाही, एवढाच त्या खुणेचा अर्थ. ती काढण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

परवाना अनुकूल दिसला तरी एक पडताळणी उरते. खुणेतील नाव आणि पानावर लिहिलेले कर्त्याचे नाव एकच आहे काय? निराळे असेल, तर दुसऱ्याचे चित्र भलत्यानेच चढविले असण्याचा संभव असतो. आणि जो हक्काचा धनी नाही, त्याने दिलेला परवाना निरुपयोगी होय. तसेच पान खुला परवाना सांगत असेल आणि खुणेत मात्र सर्व हक्क राखून ठेवल्याचे लिहिले असेल, तर थांबावे व छायाचित्रकारास लिहून विचारावे. पुष्कळदा त्यांच्याकडून बिनखुणेची प्रतच मिळते आणि पुढील श्रम वाचतात.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. महादरवाजाचे एक छायाचित्र CC BY-SA 4.0 परवान्याचे आहे व दोन्ही ठिकाणची नावे जुळतात, असे समजा. त्याचा आकार 3000 × 2000 पिक्सेल असून तळाच्या 80 पिक्सेलांत गवतावर तारीख उमटली आहे. उजवीकडे, तळापासून सुमारे 200 पिक्सेल वर, छायाचित्रकाराचे नाव आहे. त्याची काही अक्षरे गवतावर, तर काही पायरीच्या दगडावर पडली आहेत.

प्रथम मूळ प्रत निराळी जपून ठेवावी. नंतर तळाचे 100 पिक्सेल कापावेत. उंची 1900 उरते, तारीख जाते आणि दरवाजाचे काहीच बिघडत नाही. कापण्याने भागत असेल तेथे रंगवू नये, कारण कापलेल्या चित्रात खोटे काही शिरत नाही. नावासाठी मात्र 250 पिक्सेलांहून अधिक कापावे लागले असते आणि पायऱ्या गेल्या असत्या. म्हणून तेथे सफाई करावी.

विनामूल्य मिळणाऱ्या GIMP मध्ये चित्र उघडून Layer या यादीतील Duplicate Layer ने थराची दुसरी प्रत करावी व तिच्यावरच काम करावे. चित्र 200 टक्के मोठे करून पाहावे. गवतावरील अक्षरांसाठी Heal हे साधन घ्यावे; ते जवळचा पोत घेऊन रंग भोवतालच्या रंगाशी जुळविते. परंतु दगडाच्या कडेशी हेच साधन दोन्हींकडचे रंग मिसळून डाग पाडते. तेथे Clone वापरावे. Ctrl कळ दाबून त्याच पायरीच्या कडेवरील स्वच्छ जागा निवडावी आणि कडेची रेघ रेघेवर बसेल असे रंगवावे. कुंचला अक्षराच्या रेघेहून किंचित रुंद असावा. उगमाची जागा वरचेवर बदलावी. न बदलल्यास एकच गवताचा झुबका तीनदा दिसतो आणि कोणाही चौकस मुलाच्या ते ध्यानी येते.

काम संपल्यावर वरच्या थराची Mode ही निवड Difference करून पाहावी. जेथे काहीच बदललेले नाही, तेथे काळे दिसते. उजळ ठिपके केवळ नावाच्या जागी असावेत. अन्यत्र दिसल्यास हात घसरला असे समजावे. नंतर ती निवड पूर्ववत Normal करून चित्र निराळ्या नावाने Export As मधून काढावे.

एक मर्यादा मात्र ओलांडू नये. सफाईत आपण झाकलेला भाग परत मिळवीत नसतो. तेथे काय असावे याचा अंदाज रंगवीत असतो. गवतावर हे क्षम्य आहे. जलचिन्ह शिलालेखाच्या अक्षरांवर, नकाशाच्या सीमेवर किंवा नाण्याच्या छापावर असेल, तर परवाना कितीही मोकळा असला तरी ते राहू द्यावे. नाहीतर मुले आपल्या कल्पनेलाच इतिहास समजतील.

शेवटी चित्राखाली पुढीलप्रमाणे ओळ लिहावी :

छायाचित्र : (छायाचित्रकाराचे नाव व चित्राची तारीख). मूळ स्थान : विकिमीडिया कॉमन्स, (पानाचा पत्ता). परवाना : CC BY-SA 4.0, (परवान्याचा पत्ता). बदल : खालची कडा कापली, चित्रावरील नाव व तारीख काढून येथे दिली.

ही ओळ तक्त्याच्या मागे न लिहिता चित्रालगत लिहावी. तक्त्याचे छायाचित्र काढून दुसऱ्या शाळेत पाठविले, तरी नाव चित्राबरोबर गेले पाहिजे. यंदाच्या प्रदर्शनात तक्ता पाहताना मी प्रथम ही ओळ वाचेन आणि चित्र नंतर पाहीन.