पाठ : अडीच लाख, पंधरा टक्के – फोनवरचे आकडे वहीत कसे लिहाल?

वाचनापूर्वी : घड्याळात २ वाजून ४५ मिनिटं झाली, तर मराठीत किती वाजले म्हणाल? उत्तर आठवून ठेवा, पुढे लागेल.

रविवारची सकाळ आहे. आईने सांगलीच्या मामाला फोन लावलाय, स्पीकर चालू आहे आणि ती तुम्हाला म्हणते, "जरा लिहून घे, नंतर बाबांना दाखवायचंय." विषय आहे आजीच्या घराची गळकी गच्ची.

मामा : ताई, कंत्राटदार आधी पावणेतीन म्हणत होता. मी घासाघीस करून अडीचवर आणलं.
आई : अडीच लाख? कशाकशाचे रे?
मामा : गच्चीचं वॉटरप्रूफिंग सव्वा लाख, रंगकाम पाऊण लाख आणि खिडक्या-दारांचं अर्धा. त्यावर जीएसटी अठरा टक्के वेगळा.
आई : सगळे आधीच द्यायचे का?
मामा : छे! चाळीस टक्के आधी. मधले कामाप्रमाणे. आणि पंधरा टक्के आपण हातात ठेवायचे. एक पावसाळा गच्ची गळली नाही, की मग द्यायचे.
आई : किती दिवस चालेल काम?
मामा : दीड-दोन महिने. आणि हे बघ, पन्नासेक हजार मी घालतो.

तुमच्या वहीत बहुधा असं काहीतरी उतरेल :

"एकूण २.५. गच्ची १.२५ लाख, रंग ७५ हजार, दारं अर्धा लाख. टॅक्स १८%. ४०% आधी, १५% नंतर. मामा ५०,०००."

यात ढोबळ चूक एकही नाही. तरीही बाबांनी संध्याकाळी ही ओळ वाचली, तर त्यांना पुन्हा सांगलीला फोन करावा लागेल. का, ते पाहू.

आधी शब्द. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे आणि पावणे हे शब्द ज्या एककाला चिकटतात, त्याच एककाचा भाग सांगतात. म्हणून सव्वाशे म्हणजे १२५, सव्वा हजार म्हणजे १,२५० आणि सव्वा लाख म्हणजे १,२५,०००. पाव भाग प्रत्येक वेळी वेगळा : शंभराचा पाव २५, लाखाचा पाव २५,०००. साडेपाचशे म्हणजे ५५०. पाचशेत अर्धा मिळवून ५००.५ नव्हे. आणि 'साडेएक', 'साडेदोन' असं कुणी म्हणत नाही, तिथे दीड आणि अडीच येतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो 'पावणे'. 'पावणेतीन'मधला 'तीन' कानाला ठळक ऐकू येतो, म्हणून पुष्कळ जण ३ लिहून त्यात काहीतरी मिळवतात. इथे ते घड्याळ आठवा. २ वाजून ४५ मिनिटं म्हणजे पावणेतीन, कारण तीनला पाव कमी. म्हणून कंत्राटदाराचा पहिला आकडा २,७५,०००. तुम्ही ३,७५,००० लिहिलं असतं, तर मामाने एका बैठकीत सव्वा लाख कमी केले असं झालं असतं. खरे कमी केले २५,०००.

आता मामाने न बोललेला शब्द. तो नुसतं 'अडीच' म्हणाला, नुसतं 'अर्धा' म्हणाला. बोलताना 'लाख' गृहीत असतो, घरोघरी असंच बोलतात. वहीत मात्र गृहीत काही ठेवू नका. 'अर्धा' म्हणजे ५०,००० हे कशावरून? बेरीज करून बघा : १,२५,००० आणि ७५,००० मिळून २,००,०००. एकूण २,५०,००० व्हायला ५०,००० च हवेत. फोन चालू असतानाच ही बेरीज केलीत, तर ऐकण्यातली चूक तिथल्या तिथे सापडते.

स्वल्पविरामाचं काय? शाळेत तुम्ही तीन-तीन अंकांनी २५०,००० असं लिहीत असाल. संख्या तीच आहे. पण रुपयांचा हिशेब सांगलीत वाचला जाणार आहे, तेव्हा लाखाची जागा दिसेल असं २,५०,००० लिहा आणि पूर्ण टिपणात तेच ठेवा. एका ओळीत '१.२५ लाख' आणि खाली '७५ हजार' असेल, तर बेरीज करणाऱ्याला आधी भाषांतर करावं लागतं.

टक्क्यांशी ही बेरजेची युक्ती चालत नाही, म्हणून तिथे जास्त जपा. पंधरा टक्के, पण कशाचे? मूळ रक्कम २,५०,०००. तिच्यावर १८% जीएसटी ४५,०००, म्हणजे एकूण २,९५,०००. हातात ठेवायचे १५% मूळ रकमेवर धरले तर ३७,५०० होतात, जीएसटीसकट धरले तर ४४,२५०. फरक ६,७५० रुपयांचा. पावसाळ्यानंतर कंत्राटदार एक आकडा सांगेल, बाबा दुसरा, आणि मध्ये अडकेल मामा. फोनवर याचं उत्तर नव्हतंच. अशा वेळी मनाने ठरवू नका, विचारा. आईने मेसेज केला, मामाचं उत्तर आलं : "मूळ अडीचवर गं. जीएसटी प्रत्येक बिलाबरोबर वेगळा."

शेवटी मामाचे 'पन्नासेक हजार'. हा 'एक' फार कामाचा आहे. पन्नासेक म्हणजे पन्नासच्या आसपास. तुम्ही नुसतं ५०,००० लिहिलंत, तर मामाने मनापासून केलेल्या मदतीचं तुम्ही पक्कं वचन करून टाकलंत. 'अंदाजे' हा शब्द लिहाच. 'दीड-दोन महिने' हेही तसंच. मधली जोडरेघ उणे चिन्हासारखी दिसते, म्हणून 'ते' लिहिलेलं बरं.

आता टिपण असं होईल :

आजीचं घर, दुरुस्ती (सर्व रकमा रुपयांत)
कंत्राटदाराचा पहिला आकडा : २,७५,०००
ठरलेली मूळ रक्कम : २,५०,०००
– गच्ची वॉटरप्रूफिंग : १,२५,०००
– रंगकाम : ७५,०००
– खिडक्या-दारं : ५०,०००
जीएसटी, मूळ रकमेच्या १८% : ४५,००० (प्रत्येक बिलाबरोबर)
जीएसटीसह एकूण : २,९५,०००
आधी द्यायचे, मूळ रकमेच्या ४०% : १,००,०००
कामाप्रमाणे, उरलेले ४५% : १,१२,५००
पावसाळ्यानंतर, मूळ रकमेच्या १५% : ३७,५०० (गच्ची गळली नाही तर)
मुदत : अंदाजे दीड ते दोन महिने
मामा देणार : अंदाजे ५०,०००

४५% हा आकडा मामा बोललाच नव्हता. १०० मधून ४० आणि १५ वजा करून तो तुम्ही काढला, म्हणून 'उरलेले' असं लिहिलं. मुदत अक्षरांत ठेवली आहे, कारण '१.५ महिना' वाचून कुणालाच नेमके दिवस कळत नाहीत. रकमा मात्र सगळ्या अंकांत.

सराव : पुण्यात घर भाड्याने घेणारी आत्या फोनवर म्हणते, "भाडं साडेबारा हजार, अनामत पाऊण लाख. दलाली पंधरा दिवसांचं भाडं. दरवर्षी पाच टक्के वाढ. सामान हलवायला सात-आठ हजार." याचं टिपण लिहा. महिना ३० दिवसांचा धरा. तिसऱ्या वर्षाचं भाडं लिहिण्याआधी आत्याला एक प्रश्न विचारावा लागेल. तो कोणता?