काळाचे कर्ज : एका खोळंब्याने खेळ ठप्प का होतो?

संगणकावरील खेळात दोन कामे सतत चालू असतात. एक, खेळातील जग पुढे सरकवणे : चेंडू किती पडला, गाडी कशाला आदळली, याचे गणित करणे. दुसरे, त्या जगाचे चित्र पडद्यावर काढणे. प्रत्येक चित्राला, म्हणजे फ्रेमला, लागणारा वेळ कमीजास्त होतो. गणिताला मात्र समान अंतराची पावले लागतात. पावलांची लांबी बदलत राहिली, तर तोच चेंडू एका यंत्रावर भिंतीला आपटून परत येईल आणि दुसऱ्यावर भिंतीतून आरपार जाईल.

यावरील प्रचलित तोडगा असा : मागील फ्रेमला जेवढा वेळ लागला तेवढा एका संचयकात, म्हणजे अॅक्युम्युलेटरमध्ये, जमा करायचा आणि त्यातून ठरावीक मापाची पावले उचलायची. उरलेला अपुरा तुकडा पुढील फ्रेमसाठी शिल्लक राहतो. ग्लेन फिडलर यांच्या २००४ सालच्या ‘फिक्स युअर टाइमस्टेप’ या लेखामुळे ही रचना स्वतःचे इंजिन लिहिणाऱ्यांना परिचित झाली. तिच्यातील दोषाला ‘स्पायरल ऑफ डेथ’, म्हणजेच मृत्यूचा भोवरा, असे म्हणतात.

समजा, एका इंजिनात पाऊल २० मिलिसेकंदांचे आहे. एका पावलाच्या गणितास १२ मिलिसेकंद लागतात आणि चित्र काढण्यास ४. एखादी मोठी फाइल वाचताना खेळ ४०० मिलिसेकंद अडला. आता संचयकावर २० पावलांचे कर्ज झाले. ते फेडण्यास २४४ मिलिसेकंद लागतात. त्या अवधीचे नवे कर्ज १२ पावलांचे होते. त्यानंतर ७, मग ५, मग ३, असे ते उतरत जाते. पाऊल ज्या अवधीचे आहे त्याहून कमी वेळात ते पुरे होते, तोवर हा हिशेब बुडत नाही.

मग एकाच खोळंब्याने खेळ बुडतो तो का? कारण पावलाचा खर्च नेहमी स्थिर नसतो. वरील इंजिनातच प्रत्येक पाऊल काही ठिणग्या व तुकडे निर्माण करते, आणि ते काढून टाकण्याचे काम फ्रेमच्या अखेरीस एकदाच होते, असे धरू. तुकडे साचत गेल्याने एकाच फ्रेममधील पहिले पाऊल १२ मिलिसेकंदांचे, दुसरे १३ चे, तिसरे १४ चे, असा खर्च चढत जातो. १० पावलांचे कर्ज १६९ मिलिसेकंदांत फिटते. ते २०० हून कमी असल्याने कर्ज उतरते. १६ पावलांना ३१६ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ३२० पेक्षा किंचित कमी. परंतु १७ पावलांना ३४४ लागतात आणि मुद्दल मात्र ३४० चे असते! येथून पुढे फेडीपेक्षा कर्ज अधिक वाढते. ४०० मिलिसेकंदांचा तोच खोळंबा आता ४३४ मिलिसेकंदांची फ्रेम घडवतो, पुढची ४६६ ची, त्यापुढची ५६८ ची, नंतरची ७१८ ची. खोळंब्याचे मूळ कारण केव्हाच सरलेले असते. तरीही चित्र गोठते, कळ दाबल्यास प्रतिसाद मिळत नाही आणि प्रोसेसर मात्र पूर्ण भाराने राबत असतो.

निदान सोपे आहे. प्रत्येक फ्रेममध्ये किती पावले उचलली गेली, त्याची नोंद ठेवावी. खोळंब्यानंतर हा आकडा उतरला तर इंजिन सावरते आहे. चढत गेला तर भोवरा सुरू झाला. दोष शोधण्यासाठी कार्यक्रम मिनिटभर थांबवून पुन्हा चालू केला, तरी ३००० पावलांचे कर्ज उभे राहते, हेही ध्यानात ठेवावे.

उपाय म्हणजे कर्जालाच मर्यादा घालणे :

```
frameTime = min(now - prev, 0.25)
prev = now
accumulator += frameTime
while accumulator >= dt:
    step(dt)
    accumulator -= dt
draw(accumulator / dt)
```

पाव सेकंदाहून अधिक वेळ येथे सोडून दिला जातो. या उदाहरणात एका फ्रेमच्या वाट्यास १२, शिल्लक तुकडा धरून फार तर १३, पावले येतात. म्हणजे १७ चा उंबरठा ओलांडला जात नाही. केवळ पावलांची संख्या रोखून शिल्लक वेळ संचयकात तसाच ठेवणे मात्र चुकीचे होय. ते कर्ज पुढे बराच काळ खेळाला अनैसर्गिक वेगाने पळवते.

या उपायाला मोल द्यावे लागते. सोडलेल्या वेळेपुरता खेळ घड्याळाच्या मागे पडतो. एकट्याच्या खेळात ते खपते. पण अनेक यंत्रांवर एकत्र चालणाऱ्या खेळात मागे पडलेल्या यंत्राला इतरांशी पुन्हा मेळ घालावा लागतो. शिवाय एकटे पाऊलच २५ मिलिसेकंद घेत असेल, तर मर्यादेमुळे खेळ गोठणार नाही, पण कायम मंद राहील, आणि पाव सेकंदाची मर्यादा असल्यास फ्रेमही सेकंदाला जेमतेम तीनच निघतील. अशा वेळी पाऊल स्वस्त करणे किंवा त्याची लांबी वाढवणे, हाच मार्ग उरतो. वरील उदाहरणातही खरी दुरुस्ती साचलेले तुकडे प्रत्येक पावलाअखेर काढून टाकण्यात आहे. मर्यादा ही केवळ ती दुरुस्ती होईपर्यंत बुडण्यापासून वाचवणारी दोरी होय.