अनोळखी कविता समोर आली की

ताडकळस

प्रिय बाळा,

चाचणीत धड्यांवरची उत्तरं नीट लिहिलीस आणि न पाहिलेल्या कवितेखाली ‘मला कविता कळत नाही’ एवढंच लिहून जागा सोडलीस. कळण्याचं नंतर बघू. आधी काय करायचं, ते सांगतो. त्यासाठी चार ओळी मीच जुळवल्यात. गाइडात त्या सापडणार नाहीत.

कापूस वेचून झाला
आता नुसत्या पऱ्हाट्या उभ्या
आई म्हणाली, राहू दे दोन दिवस,
वाऱ्याला हलवायला काहीतरी नको का?

पेन खाली ठेव आणि दोनदा मोठ्यानं वाच. परीक्षेत नुसते ओठ हलव. ओळ जिथं तुटते तिथं क्षणभर थांब, कारण कवीनं ती मुद्दाम तिथं तोडलेली असते. जुना अभंग असेल तर अक्षरं मोज. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंचे कितीतरी अभंग सहा, सहा, सहा, चार अशा अक्षरांच्या चार तुकड्यांत बसतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याच्या शेवटी यमक जुळतं. तुकडे पाडले की निम्मी अवघड वाक्यं आपोआप सुटतात. शेवटच्या ओळीत जनीचं नाव आलं, तर ती दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगत नाही, ते नाव म्हणजे तिची सही आहे.

आता घरच्या बोलीत सांग, काय घडलं? ‘कापूस निघाला, पऱ्हाट्या तशाच हायेत, माय म्हणती उपटू नका एवढ्यात.’ बस. यात अलंकार नको, भावना नको. कुणी काय केलं, एवढंच. हे सांगता आलं नाही तर क्रियापदं शोध आणि प्रत्येकाचा कर्ता कोण ते विचार. कवितेत शब्दांची जागा बदललेली असते, म्हणून वाक्य कळत नाही. एखादा शब्द अडला तर त्याखाली रेघ मार आणि पुढं जा. बहुतेक वेळा पुढची ओळ त्याचा अंदाज देते. ‘पऱ्हाट्या’ हा शब्द पुण्याच्या पोरांना अडेल, तुला नाही.

यानंतर बोलतंय कोण, ते पाह. इथं लेकरू सांगतंय, पण शेवटची दीड ओळ आईची आहे. कवी म्हणजेच बोलणारा, असं धरून चालू नकोस.

आता खरं काम. न पटणारी जागा शोध. वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटायच्या, सरपणाला न्यायच्या, रान मोकळं करायचं. बोंडअळी पुढच्या हंगामात जाऊ नये म्हणून कृषी खातंही पऱ्हाट्या लवकर उपटायला सांगतं. आईला हे ठाऊक नाही का? असणारच. तरी ती राहू दे म्हणते, आणि कारण देते वाऱ्याचं. शेतकरी बाई असं कारण देत नाही. कविता इथं वळली. जिथं ‘असं का?’ म्हणावंसं वाटतं, तिथं थांबून जास्त वेळ दे. बाकीच्या ओळी त्या जागेपर्यंत आणण्यासाठी असतात.

मग उत्तरं सुचू दे, पण प्रत्येक उत्तराच्या वेळी शब्दावर बोट ठेव. ‘नुसत्या’वर बोट ठेवून म्हणता येईल की रान रितं झाल्याचं लेकराला जाणवतंय. ‘दोन दिवस’वर बोट ठेवून म्हणता येईल की पऱ्हाट्या काढायच्याच आहेत हे आईला मान्य आहे, फक्त जरा उशिरा. ‘वडील वारलेत म्हणून ती उदास आहे’ असं लिहिलंस, तर बोट कुठं ठेवशील? जागाच नाही. म्हणून ते खोडायचं. ‘कवीने शेतकऱ्याचे दुःख प्रभावीपणे मांडले आहे’ हे वाक्य तर कुठल्याही कवितेखाली खपतं, म्हणून त्याला मी गुण देत नाही.

एक शब्द बदलूनही पाह. ‘नको का?’ ऐवजी ‘हवंच’ घाल. आईचा हट्ट ऐकू येतो, विनवणी जाते. म्हणजे त्या प्रश्नार्थक शेवटात काहीतरी आहे, हे तुला सापडलं. वाऱ्याला माणसासारखी गरज लावली, ही चेतनगुणोक्ती. पण नाव शेवटी लिही. आधी नाव लिहिलंस की विचार तिथंच थांबतो.

दोन अर्थ निघाले आणि दोन्हींना बोट ठेवायला जागा असेल, तर दोन्ही लिही. एकच बरोबर उत्तर असतं, हे गणिताच्या सरांकडे.

या चार ओळींवर तीन वाक्यं लिही: काय घडलं, कुठं वळलं, आणि कोणत्या शब्दावरून तुला काय वाटलं. सोमवारी मधल्या सुट्टीत वही घेऊन ये. सोबत लायब्ररीतून तू न वाचलेली एक कविता आण, ती मीही वाचलेली नसेल तर उत्तम.

तुझे सर