आंतरिक आणि बाह्य धार्मिकता : एका मापनश्रेणीची तपासणी

माणूस धार्मिक आहे की नाही, हे विचारणे सोपे आहे. तो कशासाठी धार्मिक आहे, हे मोजणे मात्र कठीण. धर्माच्या मानसशास्त्रात या दुसऱ्या प्रश्नासाठी सर्वाधिक वापरली गेलेली मापनश्रेणी म्हणजे गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेली ‘धार्मिक अभिमुखता श्रेणी’. तिच्यामागची कल्पना थोडक्यात अशी : काहींना धर्म हे दुसरे काही मिळवण्याचे साधन असते, उदाहरणार्थ आधार, ओळखीपाळखी, प्रतिष्ठा. ही बाह्य धार्मिकता. काहींना धर्म हेच साध्य असते आणि बाकीचे जीवन ते त्याच्याशी जुळवून घेतात. ही आंतरिक धार्मिकता. श्रेणीत एकूण २० विधाने असून त्यांपैकी ११ बाह्य व ९ आंतरिक धार्मिकतेची आहेत. उत्तर देणाऱ्याने प्रत्येक विधानाशी आपण किती सहमत आहोत एवढेच सांगायचे असते.

ऑलपोर्ट यांना एक कोडे सोडवायचे होते. अमेरिकेत चर्चला जाणाऱ्यांत वांशिक पूर्वग्रह न जाणाऱ्यांपेक्षा सरासरीने जास्त आढळत होता. मग बंधुभाव शिकवणारा धर्म पूर्वग्रह वाढवतो की काय? सहा ख्रिस्ती पंथांच्या ३०९ व्यक्तींची उत्तरे तपासल्यावर त्यांना दिसले, की पूर्वग्रह मुख्यतः बाह्य वृत्तीच्या लोकांत अधिक आहे. आंतरिक वृत्तीच्या लोकांत तो कमी आहे. निष्कर्ष दिलासा देणारा होता. परंतु त्याच अभ्यासात श्रेणीचा पहिला दोषही उघडा पडला.

आंतरिक व बाह्य ही एकाच रेषेची दोन टोके आहेत, असे सुरुवातीस गृहीत होते. तसे असते तर एकीकडे जास्त गुण मिळवणाऱ्याला दुसरीकडे कमीच मिळायला हवे होते. प्रत्यक्षात कित्येक जण दोन्ही प्रकारच्या विधानांना ‘होय’ म्हणाले. पुढे १९८५ साली मायकेल डोनाह्यू यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा या दोन उपश्रेणींमधला सरासरी सहसंबंध जवळजवळ शून्य निघाला. म्हणजे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

याने काय बिघडते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण धरू. आंतरिक उपश्रेणीत ९ ते ४५ आणि बाह्य उपश्रेणीत ११ ते ५५ गुण मिळू शकतात. ‘क’ या व्यक्तीला आंतरिक ३६ आणि बाह्य ४४ गुण आहेत. तिने जवळजवळ सगळ्यालाच मान डोलावली. ‘ख’ला आंतरिक १८ आणि बाह्य २६ आहेत, तिला बहुतेक काहीच मान्य नाही. आता एकच रेषा मानून बाह्य गुण उलटे केले, म्हणजे ६६ मधून वजा केले, तर ‘क’चे २२ आणि ‘ख’चे ४० होतात. त्यांत आंतरिक गुण मिळवले की दोघांचीही बेरीज ५८ येते. धर्मात बुडालेला माणूस आणि धर्माशी देणेघेणे नसलेला माणूस कागदावर एकच झाले.

म्हणून दोन्ही गुण वेगळे ठेवून मध्यांकावरून चार गट पाडण्याची पद्धत आली. ती पहिलीपेक्षा बरी, पण तिलाही खोट आहे. मध्यांक हा त्या त्या समूहाचा असतो. ज्या समूहाचा आंतरिक मध्यांक ३० आहे तेथे ‘क’ ‘दोन्हींना अनुकूल’ ठरेल. धर्मशिक्षण घेणाऱ्यांच्या समूहात तो ३८ असला, तर तीच व्यक्ती तीच उत्तरे देऊन ‘बाह्य’ ठरेल. व्यक्ती बदलली नाही, शेजारी बदलले. शिवाय ‘क’ खरोखर दोन्ही हेतूंनी धार्मिक आहे, की विचारेल त्याला होकार देण्याची तिला सवय आहे, हेही कळत नाही. कारण प्रत्येक उपश्रेणीतील सर्व विधाने होकाराच्याच दिशेने लिहिलेली आहेत. काही विधाने नकाराच्या दिशेने घातली आणि तेथेही ती ‘होय’च म्हणाली, तर ती निव्वळ सवय आहे हे ओळखता येते.

दुसरा दोष ‘बाह्य’ या शब्दातच आहे. दुःखात सांत्वन मिळावे म्हणून प्रार्थना करणारा आणि ओळखी वाढाव्यात म्हणून चर्चमध्ये जाणारा, दोघांनाही ही श्रेणी एकाच पोत्यात भरते. १९८९ साली ली कर्कपॅट्रिक यांनी जुन्या माहितीचे पुन्हा विश्लेषण करून दाखवले की ही दोन वेगळी अंगे आहेत : वैयक्तिक आणि सामाजिक. त्याच वर्षी गोर्सच व मॅकफर्सन यांनी १४ विधानांची सुधारित श्रेणी दिली. तिच्यात ८ विधाने आंतरिक, ३ बाह्य-वैयक्तिक आणि ३ बाह्य-सामाजिक आहेत. यामुळे पोते फुटले खरे, पण तीनच विधानांच्या उपश्रेणीची विश्वसनीयता साहजिकच तोकडी पडते.

ही श्रेणी आपल्याकडे वापरायची झाली तर? मी काही विधानांचा मराठीत अनुवाद करून तो माझ्या आईला वाचून दाखवला. एका उदाहरणाने सिद्ध काहीच होत नाही, परंतु चूक कोठे आहे ते दिसू शकते. आपल्या धर्माविषयी वाचन करण्याबद्दलचे एक विधान आंतरिक उपश्रेणीत आहे. आई म्हणाली, “मला कुठं वाचता येतं?” तेथे तिचा गुण कमी झाला. पण श्रावणात शेजारी पोथी लागते, तेव्हा एकही अध्याय ती चुकवत नाही. म्हणजे या विधानाने तिची श्रद्धा नव्हे, तिची निरक्षरता मोजली. ‘वाचतो’ऐवजी ‘वाचतो किंवा ऐकतो’ असे लिहिल्याशिवाय हे विधान येथे सप्रमाण ठरणार नाही.

मग भजनाला का जातेस, असे विचारले. ती म्हणाली, “चार बाया भेटतात, अन् देवाचं नाव घेतल्याबिगर चैन पडत नाही.” या एका वाक्याचा पहिला अर्धा भाग श्रेणीच्या हिशेबात बाह्य आणि दुसरा आंतरिक. तिच्या लेखी त्यात फाळणी नाहीच. ॲडम कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हाच आक्षेप शास्त्रीय भाषेत मांडला आहे : एकट्याची अंतःकरणातली श्रद्धा श्रेष्ठ आणि समाजासोबतचे आचरण दुय्यम, ही मोजपट्टी मूळची अमेरिकन प्रॉटेस्टंट वळणाची आहे. ज्यू, कॅथलिक किंवा हिंदू परंपरांत समाजासोबत राहणे हाच धर्माचा गाभा असू शकतो.

शेवटी, ज्या निष्कर्षासाठी श्रेणी प्रसिद्धीस आली त्याबद्दल. १९७८ साली डॅनियल बॅटसन व सहकाऱ्यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांना केवळ प्रश्नावली न देता, तुमची मुलाखत गोऱ्या व्यक्तीने घ्यावी की कृष्णवर्णीय, अशी निवडही करायला लावली. कागदावर आंतरिक वृत्ती आणि कमी पूर्वग्रह यांचा जो संबंध दिसत होता, तो प्रत्यक्ष निवडीत टिकला नाही. आंतरिक गुणांत श्रद्धेबरोबरच ‘आपण चांगले दिसावे’ ही इच्छाही मिसळलेली असते, असा त्याचा अर्थ लावता येतो.

तेव्हा ही श्रेणी टाकून द्यावी असे माझे म्हणणे नाही. दोन्ही गुण वेगळे ठेवावेत, मध्यांकाने माणसे तोडण्याऐवजी पूर्ण गुणच विश्लेषणात घ्यावेत, विधाने येथील आचाराशी पडताळावीत आणि शक्य तेथे वर्तनाची जोड द्यावी. आणि ‘बाह्य’ या शब्दाचा अर्थ ‘हलका’ असा घेऊ नये. पावसासाठी देवापुढे हात जोडणारा शेतकरी कोणत्या हेतूने हात जोडतो हे श्रेणी कदाचित सांगू शकेल. त्याची श्रद्धा खरी की खोटी, हे सांगण्यासाठी ती बनलेलीच नाही.