मित्राची नाडी तुमच्या कामाची नाही

अजिंक्यताऱ्यावर सकाळी चालायला जाणारी मंडळी हल्ली खाली उतरली की चहाच्या टपरीवर एकमेकांची मनगटं बघत बसतात. कुणाच्या घड्याळात ५६, कुणाच्या ६४, कुणाच्या ७८. त्यातला ७८वाला दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात हजर होतो. "डॉक्टर, ग्रुपमध्ये सगळ्यांत जास्त ठोके माझेच. हृदय कमजोर झालं असेल का?"

असेच एक गृहस्थ मध्यंतरी आले होते. वय ५४, दम्यासाठी पंप घेणारे. ५६वाला त्यांचा जिवलग मित्र. त्या मित्रानेच सगळ्यांना सांगितलं होतं, की तो रक्तदाबासाठी गेली काही वर्षं मेटोप्रोलॉल घेतो. यांचा प्रश्न सरळ होता: "मीही अर्धी घेऊन पाहू का? त्याच्याकडे पाकीट आहे." त्यांना मी चांगलंच रागावलो. बीटा ब्लॉकर गटातल्या या गोळ्या ठोके कमी करण्याचंच काम करतात. मित्राचे ५६ हे तब्येतीचं प्रमाणपत्र नव्हतं, ते गोळीचं काम होतं. आणि दमेकऱ्याने ही गोळी मनाने घेतली तर श्वासनलिका आवळून तो धाप लागून आडवा होऊ शकतो. सुदैवाने हे विचारायला तरी आले. न विचारता घेणारेही भेटतात.

दोन निरोगी माणसांचे ठोके सारखे का नसतात, हे एकदा नीट समजून घ्या. हृदय एका मिनिटात साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं. एका ठोक्याला ७० मिलिलिटर रक्त जात असेल, तर ७० ठोक्यांत ४९०० मिलिलिटर होतं. वर्षानुवर्षं पळणाऱ्या माणसाचं हृदय एका ठोक्याला १०० मिलिलिटर ढकलत असेल, तर त्याचं काम ५० ठोक्यांत भागतं. दोघांच्या शरीराला रक्त तेवढंच मिळतं. शिवाय हृदयातलं ठोके सुरू करणारं केंद्र मोकळं सोडलं तर मिनिटाला शंभरच्या आसपास चालेल. मेंदूकडून येणारी व्हेगस नावाची नस त्याला लगाम लावून ठेवते. हा लगाम कुणाचा घट्ट, कुणाचा सैल, यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. हृदयाचा आकार, व्यायाम, घेत असलेली औषधं, स्त्री की पुरुष, यांनीही फरक पडतो. म्हणून ७८वाल्याला ५६वाल्यापेक्षा आजारी ठरवणं चूक आहे. या गृहस्थांचे ठोके त्यांनी नोंदवायला लागल्यापासून ७४ ते ८०च्या दरम्यानच येतात. त्यांच्यासाठी तेच बरोबर आहेत.

अमेरिकेत ९२ हजारांहून अधिक लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांतल्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लोकांचे विश्रांतीतले सरासरी ठोके कुणाचे ४०, तर कुणाचे १०९ निघाले. माणसामाणसांत इतका फरक, पण एकाच माणसाचे ठोके मात्र एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात सहसा फार हलत नव्हते. दवाखान्यात आम्हाला हेच दिसतं. माझे एवढे आणि तुझे तेवढे का, यापेक्षा माझे एवढेच असायचे आणि आता का वाढले, हा प्रश्न उपयोगाचा.

आता वयाच्या तक्त्याबद्दल. जिमच्या भिंतीवर किंवा फोनवर फिरणाऱ्या चित्रात २२० वजा वय असं सूत्र असतं. लोक ते बसल्या जागच्या ठोक्यांना लावतात आणि घाबरतात. ते सूत्र विश्रांतीतल्या ठोक्यांचं नाहीच, ते जोरात व्यायाम करताना गाठता येणाऱ्या कमाल ठोक्यांचा अंदाज आहे. तोही ढोबळच. ५० वर्षांच्या माणसाला ते १७० सांगतं, पण प्रत्यक्षात कुणाची कमाल १५० असते, कुणाची १९०. विश्रांतीतल्या ठोक्यांपुरतं बोलायचं तर लहान मुलांचे बरेच जास्त असतात, मोठेपणी मात्र वयाने त्यांत फारसा फरक पडत नाही. "साठी आली, आता ठोके वाढणारच" असं म्हणून दुर्लक्ष करू नका. वाढले असतील तर त्यामागे दुसरं काहीतरी आहे.

तक्त्यामुळे भीती वाटते हा एक तोटा. मला जास्त काळजी दुसऱ्या तोट्याची वाटते, कारण तक्ता खोटा धीरही देतो.

एका त्रेचाळीस वर्षांच्या शिक्षिकेचं उदाहरण सांगतो. घरी नवऱ्यासाठी रक्तदाबाचं यंत्र आणलेलं. दर रविवारी सकाळी त्या स्वतःचेही ठोके बघायच्या आणि कॅलेंडरच्या त्या तारखेवर पेन्सिलीने लिहून ठेवायच्या. वर्षभर आकडा ६४ ते ६८. दिवाळीनंतर ७४ झाला, मग ७८, संक्रांतीच्या सुमारास ८८. जाऊबाईंनी फोनवर तक्ता काढून दाखवला: ६० ते १०० नॉर्मल. झालं, विषय संपला. दोन जिने चढून वर्गात गेलं की टेबल धरून उभं राहावं लागायचं, तेही दगदगीवर ढकललं. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ बघून रोज बिटाचा रस सुरू केला.

त्या आल्या सर्दीसाठी. पण खालची पापणी ओढून पाहिली तर आत लाली जवळजवळ नव्हती. मी विचारत गेलो. पाळी आठ-आठ दिवस, गाठी पडणारी, चार-पाच महिने असंच. त्यांनी जाताजाता कॅलेंडरची गोष्ट सांगितली, म्हणून मी पानांचे फोटो मागवून घेतले. ओळीने ते आकडे चढत गेलेले बघून मला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. हिमोग्लोबिन निघालं ७.६. प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यच कमी पडलं की हृदय फेऱ्या वाढवून ती तूट भरायला बघतं. तेवढ्यासाठी ठोके वाढले होते. बिटात लोह थोडंसंच असतं, दर महिन्याला एवढं रक्त जाणाऱ्या बाईची तूट त्याने भरत नाही. सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ दिसली. स्त्रीरोगतज्ज्ञांचे उपचार आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गुढीपाडव्याच्या सुमारास हिमोग्लोबिन ११च्या वर गेलं आणि रविवारचा आकडा ७०वर आला.

८८ हा तक्त्यात बसणारा आकडा आहे. त्यांच्यासाठी तो वीसने जास्त होता, आणि हे सांगणारी गोष्ट घरात एकच होती, ते कॅलेंडर.

तर हा स्वतःचा नेहमीचा आकडा काढायचा कसा? सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन या. चहाच्या आधी पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, फोन बाजूला ठेवा. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी हलकेच ठेवा. मोजायला अंगठा वापरू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं, तर मोजण्यातली एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते. असं दोन आठवडे रोज करा आणि आकडा वहीत लिहा. ताप, जागरण, आदल्या रात्रीचं मद्यपान किंवा प्रवास झालेले दिवस बाजूला काढा. उरलेले आकडे लहान ते मोठे असे मांडा, मधोमध येणारा आकडा तुमचा. त्याच्या आजूबाजूला तीन-चार ठोक्यांची हालचाल रोजचीच. पुढे आठवड्यातून एकदा त्याच पद्धतीने पाहिलं तरी पुरतं. दिवसातून वीस वेळा घड्याळ बघणाऱ्यांना मात्र माझा विरोध आहे, त्या धास्तीनेच ठोके वाढतात. आणि गडावरून उतरल्या उतरल्या टपरीवर पाहिलेला आकडा विश्रांतीतला धरायचाच नाही.

एखाद्या सकाळी दहा ठोके जास्त आले तर घाबरू नका. झोप, पाणी, आदल्या दिवसाची दगदग आठवा. अंगात कणकण आहे का पाहा, कारण एक अंश सेल्सिअस ताप चढला की साधारण आठ ते दहा ठोके वाढतात. सलग तीन सकाळी दहाने जास्त आले आणि कारण सापडलं नाही, तर लक्ष ठेवा. आठवडाभर तसंच राहिलं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. ॲनिमिया, थायरॉइडचा जास्त झालेला स्राव, लपलेला जंतुसंसर्ग, सर्दीच्या किंवा दम्याच्या औषधांचा परिणाम, हे साध्या तपासण्यांत आणि विचारपूस करून कळतं. गरोदरपणात ठोके दहा ते वीसने वाढणं नैसर्गिक आहे, तिथे आधीचा आकडा लावू नका. नॉर्वेत दहा वर्षांच्या अंतराने ठोके मोजून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचे ठोके ७०च्या आतून ८५च्या वर गेले, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू ७०च्या आत राहिलेल्यांपेक्षा जास्त दिसले. म्हणजे हळूहळू सरकणारा आकडाही दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

नेहमीचा आकडा खाली घसरला तरी तेवढंच लक्ष द्या. एरवी ७२ असलेल्या सत्तरीच्या आजोबांचे ठोके ४४ झाले, तर घरचे कौतुकाने "खेळाडूसारखे" म्हणतात. व्यायाम वाढवलेला नाही, नवी गोळी सुरू झालेली नाही आणि ठोके घसरले, तर हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा असू शकतो. सोबत चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर ईसीजी त्याच दिवशी.

घड्याळाने एकदम ३८ दाखवलं आणि तुम्हाला काहीच होत नाही, असं झालं तर बोटांनी मोजा. मधले ठोके अवेळी पडले की ते मनगटापर्यंत दुबळे पोचतात आणि यंत्र ते गाळतं. पट्टा सैल असला तरी आकडा चुकतो. मात्र बोटांखाली ठोके कशाही अंतराने, बेताल पडत असतील, तर आकडा कितीही असो, ईसीजी काढा. उतारवयात एट्रियल फिब्रिलेशन असंच सापडतं, आणि ते पक्षाघाताचं एक मोठं कारण आहे.

शांत बसलेलं असताना ठोके १२०च्या वर टिकून राहणं, छातीत दुखणं, दम लागणं किंवा शुद्ध हरपणं, यांपैकी काहीही असेल तर वही, नेहमीचा आकडा सगळं सोडा. १०८ला फोन करा.

शेवटचं सांगणं मेटोप्रोलॉल किंवा तत्सम गोळी आधीपासून घेणाऱ्यांना. तुमचा नेहमीचा आकडा गोळी सुरू असतानाचाच धरा आणि डोस बदलला की पुन्हा दोन आठवडे नव्याने मोजा. ठोके कमी वाटतात म्हणून गोळी एकदम बंद करू नका. अचानक तोडली तर ठोके आणि रक्तदाब उसळून छातीत दुखू शकतं. कमी करायची असेल तर ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून, टप्प्याटप्प्याने.