साइनचं नाव नको, वेग पाहा

Σ sin(1/n) ही श्रेणी अभिसारी की अपसारी, हा प्रश्न सोडवताना सीमा तुलना कसोटी, म्हणजे वर्गात जिला लिमिट कंपॅरिझन टेस्ट म्हणतात ती, बहुतेकांना तोंडपाठ असते. तरीही उत्तर चुकतं, कारण कसोटी कुठल्या श्रेणीशी तुलना करायची ते सांगत नाही. ती निवड सोडवणाऱ्यावर सोपवलेली असते, आणि घात तिथेच होतो. शिकणाऱ्यांना मी एकच गोष्ट आवर्जून सांगतो. पदात कोणतं फलन आहे ते पाहून जोडीदार श्रेणी निवडू नका. ते पद किती वेगाने शून्याकडे जातं ते पाहून निवडा. वेग ओळखला, तर पुढची सीमा एका ओळीत निघते. तो चुकला, तर बिनचूक काढलेली सीमासुद्धा काही सांगत नाही.

कसोटीचं म्हणणं आधी नीट मांडून घेऊ. दोन्ही श्रेणींची पदं धन आहेत आणि aₙ/bₙ या गुणोत्तराची सीमा L आहे. L ही शून्याहून मोठी आणि सांत संख्या आली, तर दोन्ही श्रेणींचं भवितव्य एकच: दोन्ही अभिसारी किंवा दोन्ही अपसारी. L शून्य आली, तर aₙ हे bₙ पेक्षा फार लवकर लहान होतं. म्हणून Σbₙ अभिसारी असेल तरच Σaₙ अभिसारी म्हणता येते. L अनंत आली, तर उलट. Σbₙ अपसारी असेल तरच Σaₙ अपसारी ठरते. उरलेल्या दोन जोड्यांत, म्हणजे शून्य सीमा आणि अपसारी जोडीदार, किंवा अनंत सीमा आणि अभिसारी जोडीदार, निष्कर्षच निघत नाही. तराजूत फार हलकं माप टाकलं की मालाचं पारडं जमिनीला टेकतं. माल मापाहून जड आहे एवढंच कळतं, त्याचं वजन कळत नाही. अशा वेळी निर्णय देऊ नये, माप बदलावं.

आता sin(1/n) कडे वळू. साइनची किंमत कधीच १ च्या वर जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून पहिला मोह होतो तो १ शी तुलना करण्याचा. पण Σ1 अपसारी आहे आणि sin(1/n) ला १ ने भागलं तर सीमा शून्य येते, निष्कर्ष नाही. ती मर्यादा sin n सारख्या पदात कामाची असते, कारण तिथे कोन वाढत जातो आणि साइन −१ ते १ मध्ये हेलकावत राहते. इथे n वाढतो तसा कोनच आक्रसत जातो. पहिल्या पदापासूनच कोन १ रेडियन किंवा त्याहून लहान असल्यामुळे साइन धनच राहते आणि दर पदाला घटत जाते. दुसरा मोह 1/n² चा, कारण ती श्रेणी अभिसारी असल्याचं पाठ असतं. पण n² sin(1/n) अनंताकडे जातं आणि जोडीदार अभिसारी आहे. पुन्हा निष्कर्ष नाही. ‘सीमा अनंत आली, म्हणून श्रेणी अपसारी’ असं इथे कुणी लिहिलं, तर योगायोगाने उत्तर बरोबर येईल, पण तर्क खोटा असेल. त्याच तर्काने Σ 1/n^1.5 सुद्धा अपसारी ठरेल, कारण 1/n² शी तिचीही तुलना केली की सीमा अनंतच येते. प्रत्यक्षात ती अभिसारी आहे.

मग वेग ओळखायचा कसा? x लहान असताना sin x हे x च्या अगदी जवळ असतं. sin x / x ची सीमा १ आहे. n = २ घेतलं तर sin(0.5) = ०.४७९४, आणि त्याचं ०.५ शी गुणोत्तर ०.९५८९. n = १० ला हेच गुणोत्तर ०.९९८३ होतं. म्हणजे sin(1/n) चा वेग 1/n चाच, जोडीदार हरात्मक श्रेणी, आणि L = १. हरात्मक श्रेणी अपसारी आहे, म्हणून Σ sin(1/n) अपसारी. यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: sin(1/n) हे 1/n पेक्षा नेहमी लहान असतं, मग अपसारी श्रेणीपेक्षा लहान पदांची श्रेणी अभिसारी का असू नये? साध्या तुलनेच्या कसोटीने पाहिलं तर ही असमानता खरोखरच निरुपयोगी दिशेची आहे. त्या वाटेने जायचं असेल, तर खालून आधार शोधावा लागतो: ० ते π/2 या टप्प्यात sin x ≥ 2x/π असतं, म्हणून sin(1/n) ≥ 2/(πn), आणि श्रेणी अपसारी. सीमा तुलनेचा फायदा हाच की असमानतेची दिशा शोधत बसावं लागत नाही. पद किंचित लहान आहे की मोठं, याला महत्त्व नाही. प्रमाण टिकतं की नाही, याला आहे. ‘आधी अंदाज आणि मग सिद्धता, हे चक्राकार नाही का,’ असंही विचारलं जातं. नाही. अंदाज फक्त जोडीदार सुचवतो. निर्णय सीमा देते, आणि ती अंदाजावर अवलंबून नसते.

पण ‘sin(1/n) दिसलं की 1/n लिहा’ हा नियम म्हणून पाठ केला, तर तो पुढच्याच पायरीवर फसवतो. Σ (1/n − sin(1/n)) ही श्रेणी घ्या. साइनच्या जागी 1/n ठेवलं तर पद शून्यच होतं, आणि शून्याशी तुलना करता येत नाही. काही जण वजाबाकीत 1/n दिसतं म्हणून हरात्मक श्रेणी निवडतात. सीमा शून्य, जोडीदार अपसारी, निष्कर्ष नाही. इथे मुख्य भाग एकमेकांना खोडून टाकतो, आणि वेग ठरतो तो खोडल्यावर उरलेल्या पहिल्या पदाने. त्यासाठी साइनचा विस्तार एक पायरी पुढे न्यावा लागतो: sin x = x − x³/6 + x⁵/120 − …. केरळच्या परंपरेत हा विस्तार संगमग्रामच्या माधवांचा मानला जातो. त्यावरून 1/n − sin(1/n) चा वेग 1/(6n³) चा आहे. n = १० ला ताळा पाहा: फरक ०.०००१६६५८, आणि 1/6000 म्हणजे ०.०००१६६६७. जोडीदार 1/n³ घेतला की L = १/६, आणि श्रेणी अभिसारी. याच रीतीने 1 − cos(1/n) मध्ये १ खोडला जातो आणि 1/(2n²) उरतं, म्हणून तीही अभिसारी.

या फरकाच्या श्रेणीतून पहिल्या उदाहरणाचा एक स्वतंत्र पडताळाही मिळतो. तिची बेरीज सुमारे ०.१९२ आहे. म्हणजे हरात्मक श्रेणीच्या आंशिक बेरजेपेक्षा Σ sin(1/n) ची आंशिक बेरीज कितीही पदांनंतर ०.१९२ हून जास्त मागे पडत नाही. दहा लाख पदांनंतर हरात्मक बेरीज सुमारे १४.३९ असते, तर साइनची सुमारे १४.२०. पहिली थांबत नाही, म्हणून दुसरीही थांबू शकत नाही. हे आकडे आणखी एक इशारा देतात: दहा लाख पदांची बेरीज फक्त चौदा! संगणकावर बेरीज करून ‘ही थांबलेली दिसते’ असं ठरवणारा माणूस इथे हमखास फसेल.

तिसरं उदाहरण असं, जिथे n चा कुठलाच घात जोडीदार म्हणून चालत नाही: Σ sin(1/n)/ln n, n = २ पासून. 1/n शी तुलना केली तर सीमा शून्य आणि जोडीदार अपसारी. 1/n² शी किंवा अगदी 1/n^1.01 शी केली, तरी सीमा अनंत आणि जोडीदार अभिसारी. दोन्हीकडून दार बंद. अशी कोंडी झाली की समजावं, पदाचा वेग दोन घातांच्या फटीत आहे आणि आपण लॉगरिदम वगळला आहे. साइनच्या जागी 1/n ठेवा, पण ln n जसाच्या तसा राहू द्या: जोडीदार 1/(n ln n), L = १. ही श्रेणी अपसारी आहे. कॉशीच्या संघनन कसोटीने n च्या जागी २ᵏ ठेवून पदाला २ᵏ ने गुणलं की 1/(k ln 2) उरतं, म्हणजे पुन्हा हरात्मकच. छेदात ln n चा वर्ग असता, तर तीच कृती 1/k² वर पोहोचली असती आणि श्रेणी अभिसारी ठरली असती. इतका बारीक फरक कुठलाही घात पकडू शकत नाही.

शेवटची अट बहुतेक जण वाचून सोडून देतात: पदं धन हवीत. चिन्हं बदलत असतील, तर गुणोत्तराची सीमा १ येऊनही निष्कर्ष खोटा ठरू शकतो. (−1)ⁿ/√n ही श्रेणी लायब्निझच्या कसोटीने अभिसारी आहे. तिच्या प्रत्येक पदात sin(1/n) मिळवा. नव्या आणि जुन्या पदाचं गुणोत्तर 1 + (−1)ⁿ √n sin(1/n) आहे आणि ते १ कडेच जातं, पण नवी श्रेणी अपसारी आहे, कारण अभिसारी श्रेणीत आपण अपसारी श्रेणी मिळवली. म्हणजे ‘वेग पाहा’ हा सल्लासुद्धा पदं शेवटपर्यंत धन असतील तिथपर्यंतच लागू. सगळी ऋण असतील, तर उणे चिन्ह बाहेर काढून चालतं. आलटून पालटून असतील, तर नाही.

तेव्हा कागदावरचा क्रम असा ठेवावा. आधी चिन्ह तपासा. मग साइनच्या आतलं पद शून्याकडे जातं का ते पाहा. जात नसेल, तर हा विस्तार लागूच होत नाही. विस्तार लिहा, काय खोडलं जातं ते बघा आणि उरलेलं पहिलं पद त्यातल्या लॉगरिदमसकट जोडीदार म्हणून घ्या. त्यानंतर सीमा काढा. ती शून्य किंवा अनंत आली, तर जोडीदार श्रेणी अभिसारी की अपसारी ते तपासूनच पुढचं वाक्य लिहा. निष्कर्ष निघत नसेल, तरी त्या सीमेने एक दिशा दाखवलेली असते: शून्य आली तर आणखी लवकर लहान होणारा जोडीदार घ्या, अनंत आली तर आणखी सावकाश लहान होणारा.