दोऱ्याची परीक्षा

सुमतीच्या दप्तराचा पट्टा उसवला होता. घरात पांढऱ्या सुती दोऱ्याचे एक रीळ होते व काळ्या पॉलिएस्टर दोऱ्याचे दुसरे. यांपैकी अधिक बळकट कोणता, हे पारखूनच पट्टा शिवावा असे तिने ठरवले. कारण तो पुन्हा तुटला, तर पुस्तके वाटेतल्या चिखलात पडणार होती.

तिने दोन स्टुलांवर एक लाटणे आडवे ठेवून पक्के बांधले. त्याला दोऱ्याचा तुकडा गाठ मारून अडकवला व खालच्या टोकाला एक रिकामा डबा बांधला. डब्याखाली चार बोटांच्या अंतरावर घडी केलेली गोधडी होती. मग ती चमच्याचमच्याने डब्यात कोरडी वाळू घालू लागली. दोरा तुटताच थांबावयाचे व वाळूसह डबा तोलावयाचा, अशी ही रीत होती. एकाच तुकड्यावर विसंबता येत नाही, म्हणून तिने प्रत्येक दोऱ्याचे पाच तुकडे घेतले. पांढऱ्याची सरासरी ७७० ग्रॅम आली, काळ्याची ८०० ग्रॅम.

"दोन्ही सारखेच की हो, आजोबा!" सुमती म्हणाली.

आजोबांनी तुटलेले तुकडे निरखून पाहिले. "पोरी, हे सारे कोठे तुटले?"

"गाठीपाशी."

"मग तू दोऱ्याचे बळ मोजले नाहीस, गाठीचे मोजलेस!"

गाठीत दोरा एकदम वाकतो व स्वतःखालीच चेपला जातो. वळणाच्या बाहेरील तंतूंवर अधिक ताण येऊन ते आधी तुटतात. यावर आजोबांनी उपाय सुचवला. डब्याच्या काठाजवळ समोरासमोर भोके पाडून त्यांत एक गोल, गुळगुळीत दांडी घट्ट बसवावी. दोऱ्याचे एक टोक लाटण्याला व दुसरे दांडीला सहा-सहा वेढे देऊन मगच बांधावे. वेढ्यांच्या घर्षणाने ताण हळूहळू कमी होतो व गाठीपर्यंत फारच थोडा पोहोचतो.

आता दोरे मधोमध तुटू लागले. पांढऱ्याची सरासरी ११९० ग्रॅम आली, काळ्याची १५६० ग्रॅम. जो फरक गाठींनी झाकला होता, तो उघड झाला.

इटलीतील लिओनार्दो दा विंची (१४५२–१५१९) याने लोखंडी तारेसाठी अशीच युक्ती लिहून ठेवली आहे. तारेला टांगलेल्या टोपलीत वरून बारीक वाळू पडावी व तार तुटताच वाळूचे भोक आपोआप बंद व्हावे. तार किती वजनाला तुटली, याबरोबर ती कोणत्या ठिकाणी तुटली, हेही टिपावे असे तो सांगतो.

सुमतीने काळा दोरा निवडला. तरी आजोबांनी तिला बजावले, "ही परीक्षा सावकाश ओढीची आहे. दप्तराला हिसका बसला, तर दोऱ्यावर त्याच्या वजनाहून पुष्कळ अधिक ताण येतो. शिवाय टाक्यातही दोरा वाकतोच." म्हणून तिने पट्टा दुहेरी दोऱ्याने शिवला.